हळदीचा फोटो लॅपटॉपवर पिवळा, फोनवर नारिंगी आणि अल्बममध्ये काळपट का दिसतो?

तुळशीचं लग्न झालं की सांगली-मिरज पट्ट्यात लगीनसराई सुरू होते आणि नव्यानं एडिटिंगला बसलेल्या प्रत्येकाला पहिल्या दोन-तीन अल्बमांतच एक तक्रार ऐकावी लागते: "दाखवलेला फोटो वेगळा होता, छापून आलेला वेगळा आहे." हा लेख त्या तक्रारीच्या मुळाशी जाण्यासाठी आहे. उदाहरण म्हणून हळदीचाच फोटो घेऊ, कारण स्क्रीन आणि छपाई यांतला फरक जितका हळदीच्या फोटोत उघडा पडतो तितका क्वचितच दुसऱ्या कुठल्या फोटोत पडतो. पिवळी साडी, गालावर ओली हळद, हातात हिरवा चुडा, मागे झेंडूच्या माळा आणि शेजारी पांढरी टोपी घातलेले आजोबा, असं चित्र डोळ्यांसमोर ठेवा.

फोटो एडिट झाला एका साध्या १५.६ इंची लॅपटॉपवर, ब्राइटनेस पूर्ण वर. तिथे तो छान दिसला. व्हॉट्सॲपवर नवरीच्या फोनवर गेला तर हळद शेंदरासारखी नारिंगी आणि चेहरा तांबूस. १२ × ३६ च्या करिझ्मा अल्बममध्ये छापून आला तर सगळं काळपट आणि साडीच्या निऱ्या एकमेकींत मिसळलेल्या. फाइल तीच, दिसणं तीन प्रकारचं.

यामागचं कारण एका वाक्यात सांगायचं तर स्क्रीन जे दोष दाखवते त्यांच्या उलट दिशेनं आपण फोटो बिघडवतो. लॅपटॉपचा पांढरा निळसर असेल तर आपण फोटो पिवळा करतो. लॅपटॉपला रंग कमी दाखवता येत असतील तर आपण सॅच्युरेशन वाढवतो. स्क्रीन फार उजळ असेल तर आपण फोटो गडद ठेवतो. त्या लॅपटॉपवर तिन्ही चुका एकमेकींना झाकतात. दुसऱ्या स्क्रीनवर किंवा कागदावर झाकण निघतं आणि तिन्ही एकदम दिसतात. कॅलिब्रेशन, म्हणजे स्क्रीनचे रंग आणि उजळपणा मोजून ठरलेल्या जागी आणणं, हे झाकण आधीच काढून देतं.

## काय काय लागेल

- एडिटिंगचा लॅपटॉप किंवा मॉनिटर, आणि त्याचा चार्जर
- मॅन्युअल मोड असलेला कॅमेरा
- एक कोरा पांढरा फोटो पेपर, लॅबकडून मागितला तर मिळतो
- कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनवर टेकवायचा सेन्सर. कॅलिब्राइट आणि डेटाकलर या दोन कंपन्यांचे सहज मिळतात. जुना एक्स-राइट मिळाला तरी चालतो, त्याचाच पुढचा अवतार कॅलिब्राइट
- फोटोशॉप किंवा लाइटरूम
- ज्या लॅबमध्ये अल्बम छापणार तिची आयसीसी प्रोफाइल, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठला रंग छापला जातो ते लिहून ठेवलेली फाइल, असल्यास

कॅलिब्रेटर महिन्यातून एकदाच लागतो. त्यामुळे चार-पाच स्टुडिओंनी मिळून एक घेतला तरी कुणाचं अडत नाही. फक्त कंपनीच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स किती मशिनवर चालतं ते घेण्याआधी विचारा. डिस्प्लेकॅल हे मोफत सॉफ्टवेअर यांतले बहुतेक सेन्सर ओळखतं.

## १. फाइल चुकली की स्क्रीन, हे आधी ठरवा

डोळ्यांना विचारू नका, आकड्यांना विचारा. फाइलमधले आकडे कुठल्याही स्क्रीनवर तेच असतात. फोटोशॉपमध्ये फोटो उघडा, F8 दाबून Info पॅनेल आणा, आयड्रॉपर घ्या आणि वर Sample Size मध्ये 5 by 5 Average निवडा. आता जी वस्तू प्रत्यक्षात पांढरी किंवा करडी होती तिच्यावर कर्सर न्या. आपल्या फोटोत ती आजोबांची टोपी.

पांढऱ्या वस्तूचे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे जवळपास सारखे यायला हवेत. समजा टोपीवर २३६, २२४, १९६ आले. निळा आकडा लालपेक्षा तब्बल ४० नं कमी आहे, म्हणजे फाइलच पिवळी झाली आहे. फोन खोटं बोलत नव्हता, लॅपटॉपनं ते लपवलं होतं. उलट टोपीवर २२५, २२४, २२१ आले असते आणि तरीही फोनवर पिवळं दिसलं असतं, तर दोष फोनच्या सेटिंगचा.

एक खबरदारी. हळदीच्या मांडवात पिवळं कापड ताणलेलं असतं आणि दुपारचं ऊन त्यातून गाळून येतं. अशा वेळी टोपी खरोखरच पिवळ्या उजेडात असते. तिला पूर्ण पांढरं केलंत तर हळदीचा सगळा मूडच निघून जाईल. म्हणून कापडापासून लांबची, मोकळ्या उजेडातली पांढरी वस्तू शोधा: रुखवताच्या टेबलावरचा कागद, कुणाचा सदरा, स्टीलच्या ताटाची सावलीतली कड. मांडवातली टोपी थोडी उबदार राहिली, म्हणजे निळा आकडा लालपेक्षा १० ते १५ नं कमी राहिला, तर ते खरं दिसतं. ४० चा फरक मात्र मांडवाचा म्हणून सोडून देता येत नाही.

दुसरी तपासणी हळदीची. चॅनेल पॅनेलमध्ये फक्त निळा चॅनेल बघा, शॉर्टकट Ctrl+5. पिवळ्या रंगात निळा नैसर्गिकरीत्याच कमी असतो. त्यात व्हायब्रन्स वाढवला की तो शून्याला टेकतो. निळ्या चॅनेलमध्ये गालावरची हळद हा एकसंध काळा डाग दिसत असेल तर ओल्या हळदीचा पोत, बोटांचे फराटे, वाळत आलेल्या कडा यांतला बराचसा भाग गेला. हे कुठलीही लॅब परत आणू शकत नाही. लाइटरूममध्ये मूळ रॉ फाइलवर जाऊन सॅच्युरेशन मागे घ्यावं लागतं.

लाइटरूम वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: तिथे हिस्टोग्रामखाली आकडे टक्क्यांत येतात, ० ते २५५ मध्ये नाही. Soft Proofing चालू केलं की ते ० ते २५५ मध्ये दिसू लागतात.

## २. स्क्रीन किती उजळ आहे ते कॅमेऱ्यानं मोजा

प्रिंट काळपट येण्याच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे, त्यामुळे इथे सावकाश जाऊ.

स्क्रीन स्वतः उजेड देते. कागद देत नाही, खोलीतला उजेड परत पाठवतो. साध्या लॅपटॉपची स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसला साधारण २५० निट देते. निट म्हणजे एका चौरस मीटरमागे एक कँडेला, उजळपणा मोजायचं एकक. संध्याकाळी एका एलईडी ट्यूबच्या उजेडात दिवाणखान्यात अल्बम उघडला तर त्याच्या पांढऱ्या कागदावरून कितीसं परत येतं? तिथे उजेड १४० लक्स धरला तर हिशेब असा: १४० गुणिले ०.९ भागिले ३.१४, म्हणजे सुमारे ४० निट. ०.९ हा कागद परत पाठवतो तो वाटा. ज्या फोटोची तुम्ही २५० निटवर पारख केली तो लोक ४० निटवर बघतात, सहापट कमी. डोळा बराच जुळवून घेतो, पण साडीच्या निऱ्या आणि केसांतले गडद भाग आधी बुजतात.

हे मोजायला वेगळं यंत्र लागत नाही. कॅमेऱ्यातला मीटर पुरतो:

लॅपटॉपवर पूर्ण स्क्रीनभर कोरा पांढरा रंग उघडा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर, आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ ४. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन शून्य. फ्रेममध्ये फक्त पांढरं येईल इतकं जवळ जा, फोकस नाही झाला तरी चालेल. आता शटर स्पीड फिरवत मीटरचा काटा मधोमध शून्यावर आणा. शटरच्या खालच्या आकड्याची दुप्पट म्हणजे स्क्रीनचे निट. १/१२५ वर काटा मधे आला तर २५०. १/५० वर आला तर १००. १/४० वर आला तर ८०.

दुपटीचा हा नियम फक्त आयएसओ १०० आणि एफ ४ या जोडीलाच लागू आहे. कॅमेऱ्यागणिक दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतं, पण २५० आणि १०० यांतला फरक ओळखायला तेवढं भरपूर झालं.

मग तोच कॅमेरा कोऱ्या फोटो पेपरवर धरा, जिथे तुम्ही प्रिंट तपासता त्या उजेडात. तिथे १/२० आलं तर ४० निट. आता दोन्ही आकडे जवळ आणायचे आहेत, आणि दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सरकायचं आहे. स्क्रीनचा ब्राइटनेस खाली आणून १०० निटवर ठेवा, म्हणजे १/५०. प्रिंट तपासायच्या जागी उजेड वाढवा: ५००० केल्विनच्या आसपासचा, सीआरआय, म्हणजे रंग खरे दाखवायची क्षमता, ९० किंवा वर असलेला एलईडी टेबलावर जवळ लावा, पेपरवर १/४० ते १/५० येईपर्यंत. त्यासाठी कागदावर साधारण ३०० ते ३५० लक्स लागतात.

१०० निटवर लॅपटॉप पहिल्यांदा मंद वाटेल. मे महिन्यात खिडकीतून पांढरं ऊन येत असेल तर तो वाचताही येणार नाही. अशा वेळी पडदा लावायचा, ब्राइटनेस वाढवायचा नाही. एडिटिंगच्या खोलीत स्क्रीनवर थेट उजेड पडू नये आणि स्क्रीनमागची भिंत पोपटी किंवा गुलाबी नसावी, करडी किंवा पांढरी असावी. भडक भिंतीसमोर बसून त्वचेचा रंग नीट जोखता येत नाही.

## ३. मशीन स्वतःहून रंग बदलत नाही ना, ते बघा

सेन्सर लावायच्या आधी हे सगळं बंद करा, नाहीतर हलत्या तराजूवर वजन केल्यासारखं होईल.

विंडोजच्या Settings > System > Display मध्ये Night light बंद करा आणि HDR बंद करा. Brightness चा बाण उघडल्यावर Change brightness based on content असा पर्याय दिसत असेल तर तोही Off करा. हा शेवटचा फार फसवा आहे. गडद फोटो उघडला की तो बॅकलाइट कमी करतो आणि उजळ फोटो आला की वाढवतो, त्यामुळे अल्बमच्या दोन पानांची तुलनाच करता येत नाही. इंटेल ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर इंटेलच्या अ‍ॅपमध्ये Display Power Saving नावाची सोय असते, तीही बंद करा आणि एडिटिंग चार्जर लावूनच करा. लॅपटॉप कंपनीनं स्वतःचं व्हिविड किंवा आय केअर मोडचं अ‍ॅप दिलं असेल तर ते नॉर्मल किंवा स्टँडर्डवर आणा. मॅकवर Night Shift आणि True Tone बंद.

## ४. कॅलिब्रेशन करा

विंडोजमध्ये dccw या कमांडनं एक कॅलिब्रेशन विझार्ड उघडतो. तो डोळ्यांनी ठिपके जुळवायला सांगतो. त्यातून गॅमा, म्हणजे मधल्या छटा किती उजळ-गडद दिसतात ते, थोडं सुधारतं, पण पांढऱ्यातली निळसर छटा डोळ्यांना कळत नाही. मेंदू पाच मिनिटांत त्या निळसर पांढऱ्यालाच पांढरं मानायला लागतो. म्हणून खरं काम सेन्सरनंच होतं.

सेन्सर दोन वेगळी कामं करतो आणि ती वेगळी समजून घेतली तर पुढचे घोळ टळतात. पहिलं काम कॅलिब्रेशन: स्क्रीनचा पांढरा, उजळपणा आणि गॅमा ठरलेल्या जागी आणणं. दुसरं काम प्रोफाइलिंग: त्यानंतर स्क्रीन कुठला आकडा दिला की कुठला रंग दाखवते ते मोजून एका आयसीसी फाइलमध्ये लिहून ठेवणं. फोटोशॉप ती फाइल वाचतं आणि आकडे त्या स्क्रीनपुरते वळवून पाठवतं. त्यामुळे कॅलिब्रेट केलेली स्क्रीनसुद्धा फोटोशॉपमध्ये एक आणि प्रोफाइल न वाचणाऱ्या एखाद्या फोटो व्ह्यूअरमध्ये दुसरं दाखवू शकते. पारख करायची ती फोटोशॉप किंवा लाइटरूममध्ये.

आता पायऱ्या:

अ. स्क्रीन किमान अर्धा तास चालू ठेवा. नुकत्याच चालू केलेल्या स्क्रीनचा उजळपणा सरकत असतो.

आ. स्क्रीन मऊ कोरड्या कापडानं पुसा. बोटाचा डाग सेन्सरखाली आला तर माप चुकतं.

इ. सॉफ्टवेअरमध्ये ही उद्दिष्टं द्या: पांढरा डी ६५ म्हणजे ६५०० केल्विन, गॅमा २.२, उजळपणा १००. स्क्रीनचा प्रकार विचारला तर साध्या लॅपटॉपसाठी व्हाइट एलईडी. ओएलईडी स्क्रीन असेल तर तोच पर्याय निवडायला विसरू नका, चुकीच्या पर्यायावर सेन्सर चुकीचा रंग वाचतो.

ई. लॅपटॉपची स्क्रीन मागे कलती करा, म्हणजे सेन्सर स्वतःच्या वजनानं सपाट टेकतो. कडेनं उजेड शिरायला नको, दिवे घालवा.

उ. सॉफ्टवेअर ब्राइटनेस जुळवायला सांगेल. ९५ ते १०५ च्या मधे आलं की पुरे. तो ब्राइटनेस किती टक्क्यांवर होता ते कागदावर लिहून ठेवा. नंतर कुणी हलवला तर परत तिथेच आणायचा.

ऊ. माप पूर्ण व्हायला पाच ते पंधरा मिनिटं लागतात. तोवर माऊस हलवू नका, स्क्रीनसेव्हर लागू देऊ नका.

ए. प्रोफाइल सेव्ह झाल्यावर स्टार्टमध्ये colorcpl टाइप करा, आपला डिस्प्ले निवडा, Use my settings for this device वर खूण आहे आणि नव्या प्रोफाइलसमोर default लिहिलं आहे ना ते बघा. मग फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा.

कॅलिब्रेशन झाल्यावर स्क्रीन पिवळट वाटेल. आधीचा पांढरा ७५०० केल्विनच्या आसपास निळसर होता, त्याची सवय झालेली असते. लगेच बदलू नका, एक दिवस काम करून बघा.

इथली सर्वांत मोठी चूक अशी: पुष्कळ जण नव्यानं बनवलेली मॉनिटर प्रोफाइल फोटोशॉपच्या Edit > Color Settings मध्ये Working Spaces च्या RGB समोर निवडतात. "माझ्या स्क्रीनची प्रोफाइल, म्हणजे इथेच हवी," असं वाटतं. तसं केलं तर फाइलमधले आकडे तुमच्या स्क्रीनच्या भाषेत लिहिले जातात आणि जगातल्या दुसऱ्या कुठल्याही स्क्रीनवर फोटो वेगळाच दिसतो. तिथे sRGB IEC61966-2.1 च ठेवा, ती बहुतेक स्क्रीन धरून चालतात अशी सामाईक कलर स्पेस आहे. मॉनिटर प्रोफाइल फोटोशॉप विंडोजकडून आपोआप घेतं.

### कॅलिब्रेशननं काय होत नाही

जो रंग स्क्रीनमध्येच नाही तो कॅलिब्रेशन आणू शकत नाही. लॅपटॉपच्या माहितीत ४५ टक्के एनटीएससी असं लिहिलेलं असेल तर ती स्क्रीन एसआरजीबीचा सुमारे एक तृतीयांश भाग दाखवतच नाही. हिरवा चुडा आणि लाल शालू तिच्यावर फिकेच दिसणार. अशा लॅपटॉपवर कॅलिब्रेशनचा रिपोर्ट मात्र उत्तम येऊ शकतो, सरासरी डेल्टा ई, म्हणजे रंगातली चूक मोजायचा आकडा, १ च्या आत. रिपोर्ट फक्त एवढं सांगतो की जेवढे रंग आहेत ते नीट मोजले गेले. म्हणून रिपोर्टमध्ये sRGB coverage चा आकडाही बघा. तो ९५ टक्क्यांच्या खाली असेल तर पांढरा तोल आणि उजळपणा यांवर विश्वास ठेवा, सॅच्युरेशनवर नको. सॅच्युरेशन आकड्यांनी आणि निळा चॅनेल बघून ठरवा. अल्बमचं काम नियमित असेल तर एसआरजीबी पूर्ण दाखवणारा बाहेरचा आयपीएस मॉनिटर जोडणं हा लॅपटॉप बदलण्यापेक्षा स्वस्त मार्ग आहे.

जुन्या टीएन पॅनेलचा दोष वेगळा. डोकं चार बोटं वर-खाली झालं की फोटो उजळ-गडद होतो. तिथे कॅलिब्रेशन करूनही अंदाजच राहतो.

## ५. आपला हळदीचा फोटो परत दुरुस्त करू

कॅलिब्रेट केलेल्या स्क्रीनवर तीच फाइल उघडली की तिन्ही चुका दिसतात. लाइटरूममध्ये क्रम असा ठेवा.

आधी व्हाइट बॅलन्स. Temp ५९०० वर होता. मांडवाबाहेरच्या पांढऱ्या सदऱ्यावर आयड्रॉपर मारल्यावर ५१०० आला. मांडवाची ऊब ठेवायची म्हणून ५३०० वर थांबलो असं धरा. टोपीचे आकडे आता २३०, २२५, २१७.

मग उजळपणा. २५० निटवर फोटो उजळ वाटत होता म्हणून एक्स्पोजर उणे ०.४ केलेलं होतं. ते शून्यावर आणलं आणि शॅडोज २० नं वर घेतल्या की साडीच्या निऱ्या सुट्या होतात. टोपीची सर्वांत उजळ जागा २५० च्या वर जाऊ देऊ नका. २५५ म्हणजे कागदावर शाईच नाही, नुसता कोरा कागद.

शेवटी सॅच्युरेशन. व्हायब्रन्स ३० वरून ८ वर आणला, आणि एचएसएलमध्ये पिवळ्याची ल्युमिनन्स जराशी वाढवली. निळ्या चॅनेलमध्ये हळदीत आता करड्या छटा दिसायला हव्यात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते तिच्या रंगासाठीही, पण तो रंग फोटोत टिकवायचा तर सॅच्युरेशन कमी ठेवावं लागतं, हे पहिल्यांदा उलटं वाटतं.

## ६. एक्सपोर्ट आणि फोन

एक्सपोर्टमध्ये कलर स्पेस sRGB. अडोबी आरजीबीमधली फाइल फोनवर गेली आणि वाटेत तिची प्रोफाइल गळून पडली तर ती मळकट, उडालेल्या रंगाची दिसते. फोटोशॉपमध्ये रूपांतर करताना Edit > Convert to Profile वापरा. Assign Profile वापरलंत तर आकडे तेच राहतात आणि त्यांचा अर्थ बदलतो, त्यामुळे फोटोचा रंग समोरच बदलतो. सेव्ह करताना ICC Profile: sRGB वर खूण ठेवा.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि पुन्हा दाबला जातो. मान्यतेसाठीचे फोटो Document म्हणून पाठवा.

नवरीचा फोन तुम्ही कॅलिब्रेट करू शकत नाही, पण तो काय करतो हे माहीत हवं. पुष्कळ अ‍ॅमोलेड फोन कारखान्यातून व्हिविड मोडवर येतात. त्या मोडमध्ये एसआरजीबीचा फोटो स्क्रीनच्या मोठ्या रंगपट्ट्यावर ताणला जातो, म्हणून पिवळा नारिंगीकडे आणि त्वचा तांबूस. सॅमसंगवर Settings > Display > Screen mode मध्ये Natural आहे. इतर फोनवर अशाच ठिकाणी स्टँडर्ड किंवा ओरिजिनल असं नाव असतं. आयफोनवर True Tone आणि Night Shift बंद करून बघायला सांगा. स्वतःच्या फोनवर हा मोड कायमचा लावा आणि तोच तपासणीचा फोन माना. फोनच्या व्हिविड मोडवर छान दिसावं म्हणून फोटोचे रंग कमी करत बसू नका, पुढच्या फोनवर तो फिका दिसेल.

## ७. लॅबला फाइल द्यायच्या आधी

फाइल सांगलीतच द्या किंवा कोल्हापूर-पुण्याला पाठवा, तीन प्रश्न विचारून घ्या. कुठली कलर स्पेस हवी, या कागदाची आयसीसी प्रोफाइल मिळेल का, आणि छापताना ऑटो कलर करेक्शन लागतं का.

तिसरा प्रश्न हळदीच्या फोटोसाठी सर्वांत मोलाचा आहे. यंत्राचं ऑटो करेक्शन असं गृहीत धरतं की फोटोतले सगळे रंग मिसळले तर सरासरी करडी यावी. हळदीच्या फोटोची सरासरी पिवळी असते. यंत्राला तो दोष वाटतो, ते निळा मिसळतं, हळद फिकी पडते आणि चेहरे राखाडी होतात. सकाळी हळदीचे फोटो निळसर आणि संध्याकाळचे रिसेप्शनचे ठीक आले असतील तर बहुधा हेच झालं आहे. ऑर्डरवर लिहून द्या: कलर करेक्शन करू नये.

प्रोफाइल मिळाली तर फोटोशॉपमध्ये View > Proof Setup > Custom उघडा, Device to Simulate मध्ये ती निवडा, Rendering Intent Relative Colorimetric आणि Black Point Compensation चालू ठेवा. Ctrl+Y नं कागदावर काय दिसेल त्याचा अंदाज येतो, Shift+Ctrl+Y नं न छापता येणारे रंग करडे होऊन दिसतात. हळद बहुतेक वाचते, कारण छपाईत पिवळी शाई वेगळीच असते. करडा होतो तो चकाकणारा हिरवा चुडा आणि राणी रंगाचा ब्लाउज. तेवढाच भाग निवडून सॅच्युरेशन १० ते १५ नं उतरवा. पूर्ण फोटोला हात लावू नका.

१२ × ३६ चं पान ३०० डीपीआयला ३६०० × १०८०० पिक्सेल होतं. पूर्ण अल्बम टाकण्याआधी १२ × १८ च्या एकाच कागदावर सहा फोटो बसवून टेस्ट प्रिंट काढा: हळद, मंगलाष्टकं, रात्रीची वरात, काळ्या कोटातला नवरदेव, पांढऱ्या कपड्यातले आजोबा आणि राणी रंगाची एखादी साडी. कागद आणि लॅमिनेशन अल्बमचंच हवं, कारण मॅट लॅमिनेशननं काळा थोडा करडा होतो आणि ग्लॉसीनं खोल होतो.

टेस्ट आली की ती दुसऱ्या पायरीत लावलेल्या टेबलाच्या उजेडात धरा आणि शेजारी स्क्रीनवर तीच फाइल प्रूफ मोडमध्ये उघडा. सहाही फोटो सारखेच गडद असतील तर स्क्रीन अजून उजळ आहे, ती ९० किंवा ८० निटवर नेऊन पुन्हा कॅलिब्रेट करा. सहांवर एकाच रंगाची छटा असेल तर ती लॅबला दाखवा, तुमच्या फाइलमध्ये टोपीचे आकडे सरळ आहेत हे दाखवता येतं. एकच फोटो बिघडला असेल तर त्या फोटोचं एडिटिंग पुन्हा करा. टेस्टच्या मागे तारीख, कागदाचं नाव आणि स्क्रीनचे निट पेन्सिलनं लिहा आणि ती सावलीत ठेवा. पुढच्या महिन्यात कॅलिब्रेशन झालं की पहिली तुलना तिच्याशीच करायची.